खड्डा कुठल्या जातीचा, त्यावर इलाज ठरतो

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही किंवा लोकलमध्ये रेंज गेली, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ना' कमी केलेत. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. नवीन आलेल्यांसाठी पुन्हा सांगितलं.

आजचा विषय पिंपल्सचा नाही, पिंपल्स गेल्यावर जे मागे राहतं त्याचा. सुरुवात एका पेशंटपासून करते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगा २६ वर्षांचा, चाकणला एका कारखान्यात नोकरी. आला तेव्हा हातात एक फाइल होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्याने लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं, पैसे आधीच भरून. सहाही सिटिंग झाल्या होत्या. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "मॅडम, माझी स्किन लेझरला दादच देत नाही. काही लोकांची असतेच ना अशी?"

मी म्हटलं, "अरे, आधी दिवा तर लावू दे."

खोलीतला मोठा दिवा बंद केला आणि टॉर्च त्याच्या कानाजवळ, गालाच्या कडेला धरला. समोरून उजेड पडला की खड्ड्यांच्या सावल्या पडत नाहीत, त्यामुळे बाथरूमच्या आरशात चेहरा बरा दिसतो. तोच चेहरा ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली किंवा रिक्षात बाजूने ऊन आलं की वेगळा दिसतो. तुम्हाला स्वतःचं बघायचं असेल तर रात्री खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च गालाच्या बाजूने धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा. सेल्फी कॅमेरा नको. बऱ्याच फोनमध्ये तो न सांगताच चेहरा गुळगुळीत करतो.

या उजेडात पहिली विभागणी होते ती डाग आणि खड्डा यांची. पिंपल बसल्यावर तिथे तपकिरी किंवा लालसर खूण राहते, पण बाजूने उजेड टाकला तर तिथे सावली पडत नाही, जागा सपाट असते. तो डाग. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत असे डाग जास्त पडतात आणि जास्त दिवस टिकतात, पण ते काही महिन्यांत फिके होत जातात. सनस्क्रीन लावलं आणि खाजवाखाजवी केली नाही तर लवकर. त्यांच्यासाठी सुया-बिया टोचायची गरज नसते. माझ्याकडे 'स्कार्स' म्हणून येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या चेहऱ्यावर खरं तर डागच जास्त असतात. सावली पडली तर मात्र तो खड्डा, आणि तो आपोआप भरत नाही.

खड्डा का पडतो? पिंपलची सूज फक्त वर दिसते तेवढीच नसते. ती केसाच्या मुळाच्या पिशवीला धरून आत खोल जाते. शरीर तिथे जंतूंशी आणि तेलकट मळाशी लढतं, आणि त्या लढाईत तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं जाळं, विरघळतं. बरं होताना जेवढं गेलं तेवढं परत बनलं नाही की वरची त्वचा आत बसते. कुठे किती खोल आणि किती रुंद नुकसान झालं त्यावर खड्ड्याचा आकार ठरतो. २००१ साली जेकब, डोव्हर आणि कामिनर या अमेरिकन डॉक्टरांनी या आकारांची साधी विभागणी मांडली: आइसपिक, रोलिंग आणि बॉक्सकार. आजही आम्ही तीच वापरतो. कारण एकच, आकार कळला की इलाज निम्मा ठरतो.

आइसपिक म्हणजे बर्फ फोडायचा टोच्या. आपल्याकडे दाभण म्हणा. पोत्याला दाभण टोचून काढल्यावर जसं भोक राहतं, तसा हा खड्डा. तोंड अगदी लहान, दोन मिलिमीटरच्या आत, पण आत निमुळता होत खोल जातो, कधी कधी त्वचेच्या तळापर्यंत. लांबून मोठं रोमछिद्र वाटतं. त्यामुळे लोक 'पोअर्स बंद करायची क्रीम' घेत बसतात.

बॉक्सकार म्हणजे मालगाडीचा डबा. कडा उभ्या, तळ सपाट. कांजण्यांचा व्रण बघितला असेल तर चित्र डोळ्यासमोर येईल. रुंदी साधारण दीड ते चार मिलिमीटर. यात उथळ आणि खोल असे दोन प्रकार, आणि पुढे या फरकाला फार महत्त्व आहे.

रोलिंग मात्र वेगळंच प्रकरण. यात कडा नसते. गाल लाटेसारखा वर-खाली झालेला दिसतो आणि प्रत्येक खळगा चार-पाच मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतो. इथे एक सोपी चाचणी आहे. गालाची त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणा. रोलिंगचा खळगा ताणला की बराचसा सपाट होतो, सोडला की परत येतो. आइसपिक कितीही ताणा, टिंबासारखा तसाच राहतो. खोल बॉक्सकारही फारसा हलत नाही.

आमच्या या मुलाचे गाल टॉर्चखाली आणि ताणून बघितले, आणि मी कागदावर त्याच्या चेहऱ्याचा नकाशा काढला. दोन्ही गालांच्या खालच्या भागात रोलिंग. डोळ्याखाली आणि नाकाशेजारी मिळून अकरा आइसपिक. चार बॉक्सकार, त्यातले तीन उथळ आणि उजव्या गालावरचा एक चांगला खोल, तीन मिलिमीटर रुंद. बहुतेकांचं असंच असतं, एकाच चेहऱ्यावर तिन्ही प्रकार. एकच यंत्र सगळ्यांवर फिरवून का भागत नाही, ते इथे लक्षात येतं.

आता त्याच्या लेझरकडे परत येऊ. त्याला दिलेलं लेझर फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड प्रकारचं होतं. वाईट नाही, मीही वापरते. ते त्वचेत बारीक बारीक जळके खांब तयार करतं, मधली त्वचा शाबूत ठेवतं आणि त्या जखमा भरताना नवं कोलॅजन बनतं. पण ते पोचतं साधारण एक-दीड मिलिमीटरपर्यंत. आइसपिकचा तळ बऱ्याचदा त्याच्याही खाली असतो. म्हणजे विहिरीच्या काठावर माती टाकत बसलो आणि तळ तसाच. रोलिंगमध्ये तर अडचण खोलीची नाहीच, आणि हा मुद्दा जरा सावकाश सांगते.

तुमच्या घरी कापसाची गादी असेल तर आठवा. गादीवाला कापूस भरून झाला की जागोजागी मोठ्या सुईने आरपार टाके मारतो. जिथे टाका तिथे गादी आत ओढली जाते. आता गादी सपाट करायची म्हणून वरून कापडाला कितीही इस्त्री केली तरी तो खळगा जाईल का? टाक्याचा दोरा कापावा लागेल. रोलिंग व्रणात नेमकं हेच झालेलं असतं. बरं होताना तंतुमय दोरे तयार झालेले असतात, जे वरची त्वचा खालच्या चरबीच्या थराकडे ओढून धरतात. लेझर म्हणजे वरची इस्त्री. त्याने कापड सुधारेल, टाका सुटणार नाही. या मुलाची त्वचा लेझरला दाद देत होती, वरचा पोत थोडा सुधारलाही होता. टाके मात्र तसेच होते.

दोरे कापायच्या पद्धतीला सबसिजन म्हणतात. ऑरेंट्राइक पितापुत्रांनी १९९५ मध्ये ती मांडली. खळग्यांवर पेनने खुणा करायच्या, तेही पेशंटला बसवून आणि उजेड वरून टाकून, कारण आडवं झोपलं की गाल पसरतो आणि खळगे दिसेनासे होतात. मग भुलेचं इंजेक्शन. त्यानंतर एका छोट्या छिद्रातून टोकाशी पातं असलेली सुई किंवा बोथट टोकाची नळी, म्हणजे कॅन्युला, त्वचेच्या खाली आडवी सरकवायची आणि पंख्यासारखी पुढे-मागे फिरवायची. दोरे तुटताना कर्र-कर्र असं हाताला जाणवतं. पेशंटलाही ऐकू येतं, आणि ते आधी सांगून ठेवलं नाही तर तो घाबरतो. मोकळ्या झालेल्या जागेत थोडं रक्त साचतं. तेही कामाचं असतं, कारण ते सुटलेल्या थरांना लगेच परत चिकटू देत नाही आणि तिथे नवी ऊती बनायला सुरुवात होते.

किंमत काय? चेहरा आठवडा-दहा दिवस सुजलेला आणि काळानिळा. त्यामुळे लग्नाच्या आधीच्या आठवड्यात हे करायचं नसतं. काहींना खाली छोट्या गाठी लागतात, त्या बहुतेक वेळा काही आठवड्यांत विरतात. कानशीलाजवळ आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या वरवर असतात, तिथे फार जपून काम करावं लागतं. म्हणून हे ज्याने शिकून घेतलंय त्याच्याकडूनच करून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि एकदा करून भागत नाही. काही दोरे राहतात, काही परत जुळतात. दोन-तीन वेळा तरी लागतं.

आता आइसपिक. इथे तळाशी पोचायचं आहे, पण वरचं तोंड मोठं न करता. कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली, क्रॉस नावाची. केमिकल रिकन्स्ट्रक्शन ऑफ स्किन स्कार्स याचं ते लघुरूप. ट्रायक्लोरोअॅसिटिक अॅसिड, म्हणजे टीसीए, त्यांनी ६५ आणि १०० टक्के तीव्रतेचं वापरलं होतं. टोकदार काडीचं टोक अॅसिडमध्ये बुडवायचं, जास्तीचं टिपायचं, त्वचा ताणून खड्ड्याचं तोंड उघडायचं आणि काडी फक्त तळाला दाबायची. काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उमटतो. थोडा वेळ झोंबतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खपली धरते, आठवडाभरात पडते. आणि मग पेशंटचा फोन येतो, "मॅडम, खड्डा मोठा दिसतोय!" सुरुवातीला तसं दिसू शकतं. खालून भरायला आठवडे लागतात. महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा, कधी जास्त, तेव्हा फरक दिसतो.

यात बिघडतं कुठे? अॅसिड कडेला ओघळलं की कड जळते आणि लहान भोकाचा रुंद खड्डा होतो. दुसरं, आपल्या त्वचेत त्या जागी काळा डाग उठू शकतो, आणि तो जायला दोन-तीन महिने घेतो. म्हणून मी आपल्याकडच्या रंगावर सहसा कमी तीव्रतेपासून सुरुवात करते आणि आधी एक-दोन खड्ड्यांवर करून बघते. टीसीएच्या बाटल्या ऑनलाइन मिळतात हे मला माहीत आहे. रील बघून घरी टूथपिकने हे करून आलेली दोन मुलं मी पाहिली आहेत. दोघांचेही खड्डे आधीपेक्षा रुंद झाले होते, आणि रुंद झालेला खड्डा पुन्हा अरुंद करायला माझ्याकडे काडी नाही.

बॉक्सकारला दोन वाटा. उथळ असेल तर फ्रॅक्शनल लेझर किंवा मायक्रोनीडलिंग चालतं, कारण तळ यंत्राच्या पोचेत असतो. इथे घरच्या डर्मारोलरबद्दल एक वाक्य: त्याच्या सुया बहुतेक अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान असतात, त्या तळापर्यंत जात नाहीत, आणि चालू पिंपल्सवरून फिरवला तर संसर्ग पसरवतो. क्लिनिकमध्ये दीड-दोन मिलिमीटरपर्यंत जातात, तेही भूल देणारी क्रीम लावून.

खोल बॉक्सकारला मात्र पंच लागतो. पंच म्हणजे पेनासारखं गोल पातं, कागदाला भोक पाडायच्या मशीनचं छोटं भावंड. खड्ड्याच्या मापाचा पंच घ्यायचा. खड्ड्याचा तळ चांगल्या त्वचेचा असेल, रंगही बाकीच्या गालासारखा असेल, तर तो गोल तुकडा खालून मोकळा करून वर उचलायचा आणि आजूबाजूच्या पातळीला बसवायचा. खाली बसलेली फरशी उचलून परत लेव्हलला आणावी तसं. तळच खराब असेल तर तुकडा काढून टाकायचा आणि एखादा बारीक टाका घालायचा. टाका पाच-सहा दिवसांत काढतात. मागे एक बारीक रेघ राहते. 'काहीच दिसणार नाही' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तीन मिलिमीटरच्या सावलीपेक्षा ती रेघ बरी, एवढाच सौदा असतो.

आमच्या मुलाचा क्रम असा लागला. सगळ्यात आधी नवे पिंपल्स बंद आहेत ना ते बघितलं. घरात पाणी भरतंय आणि आपण भिंतीला रंग देतोय, असं नको. त्याने आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चार महिन्यांपूर्वी थांबवल्या होत्या, आणि कोणीतरी त्याला सहा महिने काहीच करायचं नाही असं सांगितलं होतं. हा जुना नियम आहे. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावे तपासून सांगितलं की फ्रॅक्शनल लेझर, मायक्रोनीडलिंग आणि वरवरचे पील यांसाठी एवढं थांबायला भक्कम आधार नाही. पूर्ण त्वचा सोलणारं लेझर आणि यांत्रिक डर्माब्रेजन मात्र टाळा. आपल्या डॉक्टरांना गोळी सांगायची, लपवायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट त्याच्या पिशवीत सापडली आणि मी ती आधी बंद केली. मेडिकलमधून आणलेली 'गोरं करणारी' ट्यूब. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली. डाग फिके दिसतात म्हणून मुलं महिनोन्‌महिने लावतात. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि वरून नवे पिंपल्स येतात. त्याऐवजी रात्री अॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल, सकाळी सनस्क्रीन. या जेलने बारीक खड्ड्यांची संख्या काही महिन्यांत थोडी कमी होते असं अभ्यासातही दिसलंय. पण 'थोडी' हा शब्द अधोरेखित करा.

मग पहिल्या महिन्यात सबसिजन. नऊ दिवस तो मास्क लावून कामावर गेला. पाच आठवड्यांनी दुसरं सबसिजन, आणि त्याच दिवशी अकरा आइसपिकपैकी दोघांवर क्रॉस. डाग उठला नाही म्हणून पुढच्या वेळी अकराही. असं क्रॉस आणखी दोनदा. तिसऱ्या वेळी नाकाशेजारच्या एका खड्ड्याभोवती काळी कड उठली. ती जायला तीन महिने लागले आणि त्या काळात त्याचे मला जे मेसेज यायचे, ते मी इथे वाचून दाखवत नाही. पाचव्या महिन्यात उजव्या गालावरच्या खोल बॉक्सकारचा तळ पंचने उचलला. आणि सगळ्यात शेवटी, सातव्या आणि नवव्या महिन्यात, फ्रॅक्शनल लेझर. तेच लेझर, ज्याच्या सहा सिटिंग वाया गेल्या असं त्याला वाटत होतं. आता टाके सुटले होते, विहिरी बऱ्याच भरल्या होत्या. उरलेला पोत आणि तीन उथळ बॉक्सकार एवढंच काम त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि ते त्याला जमतं. पहिल्या दिवशीच क्रम असा लावला असता तर दोन सिटिंगमध्ये भागलं असतं.

म्हणून कोणी तुम्हाला पॅकेज सांगितलं तर पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा: माझ्या चेहऱ्यावर कुठल्या प्रकारचे खड्डे आहेत, आणि कुठल्यावर काय करणार? समोरच्याने तुमचा गाल ताणूनही बघितला नसेल, टॉर्चही लावला नसेल, तर उत्तर कुठून येणार?

जबड्यावर, छातीवर किंवा खांद्यावर खड्ड्याऐवजी उंच गाठ राहिली असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे कोलॅजन कमी नसून जास्त झालेलं असतं, आणि पंच किंवा लेझरने ती गाठ वाढू शकते. तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट गाठीत देतात. 'स्टेरॉइड वाईट' असं आत्ताच म्हटलं आणि आता हे, असं कोणी कमेंटमध्ये लिहिणार, म्हणून आधीच सांगते: तिथे मोजून-मापून दिलेलं इंजेक्शन असतं, रोज चोळलेली ट्यूब नसते.

अकराव्या महिन्यात तो पुन्हा आला. दिवा बंद, टॉर्च बाजूला, पहिल्या दिवसासारखाच फोटो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. रोलिंग निम्म्याहून जास्त उचललं गेलं होतं. खोल बॉक्सकारच्या जागी एक फिकट गोल रेघ. आइसपिकमधले आठ भरल्यासारखे, दोन उथळ झालेले, आणि डाव्या डोळ्याखालचा एक जवळजवळ तसाच. मी विचारलं, त्यावर आणखी एकदा क्रॉस करायचं का? त्याने फोटो झूम करून बराच वेळ बघितला. "किती टक्के जाईल?" मी म्हटलं, "थोडा जाईल. आणि तिथे पुन्हा काळी कड उठू शकते."

"मग राहू दे मॅडम," म्हणाला. तो एक खड्डा आम्ही तसाच ठेवलाय.